तिथवर पोचला कसा?

प्रिय मुली,

तरणतलावात उतरलीस, त्याच महिन्यात पाळी बारा दिवस लांबली, आणि पाण्यातून दिवस गेले या भीतीने तू दोन्हींची गाठ मारून बसलीस. भावाच्या अंघोळीनंतर बादलीत उरलेलं पाणी घेतलं होतंस, तेही आठवून काढलंस. मग वसतिगृहातली कमोडची सीट. अगं, प्रश्न एकच विचारायचा होता: शुक्राणू तिथवर पोचला कसा?

त्याचा मार्ग बघ. वीर्य योनीत, निदान तिच्या तोंडाशी, ताजं पडावं लागतं. आत गर्भाशयमुखाचा स्राव त्याला सांभाळतो, तिथे तो पाच दिवसही तग धरतो. साध्या पाण्यात मात्र पाणी त्याच्या आवरणातून आत घुसतं, तो फुगतो आणि शेपटी गुंडाळली जाते. प्रयोगशाळेत कमी क्षारांच्या द्रावणात शुक्राणू टाकून ही वळलेली शेपटी मुद्दाम बघतात. माझ्या भाचीने मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली होती, अगदी केसाच्या आकड्यासारखी. शेपटी वळली की पोहणं संपलं. बादलीत वर साबण, तलावात लाखो लिटर पाणी आणि क्लोरीन. शिवाय योनीच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, पोहताना पाणी आत भरत नाही. सीटवरचा थेंब वाळला की त्यातलं सगळं मेलं. आणि सीटला टेकतात त्या मांड्या. पोचला कसा, सांग ना?

पाण्याला निर्दोष ठरवतेय म्हणून पाण्यात ठेवलेल्या संबंधालाही माफी समजू नकोस. तिथे वाट सरळ आहे, पाणी आड येत नाही. तसं काही घडलं असेल तर त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी कर. उत्तर पक्कं मिळतं. घडलं नसेल तर पाळीचं कारण दुसरीकडे शोध: परीक्षेचा ताण, मेसचं जेवण सोडून घटवलेलं वजन, थायरॉइड, पीसीओएस. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जा, पण पोटात दिवस आहेत या भीतीने नव्हे.

तुला ओरडतेय खरी, पण दहावीचा प्रजननाचा धडा मीच वर्षानुवर्षं 'घरी वाचून घ्या' म्हणून उलटला. मागच्या बाकावरची मुलं हसायची, पालक तक्रार घेऊन यायचे, मी एकटी काय करणार होते? एका मुलीने एके वर्षी सार्वजनिक संडासाच्या धास्तीने दिवसभर लघवी दाबून धरली, पाणी पिणं सोडलं, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापली. तिची आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. पुढच्या जूनपासून मी तो धडा फळ्यावर आकृती काढून शिकवला. हसणाऱ्यांना हसू दिलं. आकृतीत बाण काढायचे आणि विचारायचे, पोचला कसा?

तूही कागद घे, बाण काढ. तुझ्या बादलीपासून निघणारा बाण कुठे तुटतो ते मला लिहून पाठव. आणि पाणी पीत जा.

तुझी,
बाई