मिच्छा मि दुक्कडं : आधीचा ‘तस्स’ कुठे गेला?

प्रश्न : मी ठाण्याची. माहेर मराठी, सासर कच्छी जैन. संवत्सरीला सगळ्या नातेवाइकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ फॉरवर्ड करते. पण वाशीच्या मोठ्या नणंदेशी दिवाळीपासून बोलणं नाही, आणि तिलाही तेच चित्र पाठवायचं म्हणजे खोटं वाटतं. ‘मिच्छामि’ म्हणजे ‘मी क्षमा मागते’ असंच ना? आणि हे मनापासून म्हणायचं तर कसं?

उत्तर : ‘मिच्छामि’ हे क्रियापद नाही. ‘इच्छामि’, ‘गच्छामि’ कानावर असल्यामुळे आपल्याला ते तसं वाटतं, आणि ‘मिच्छामि म्हणजे मागतो’ असा अर्थ परस्पर बसवला जातो. मुळात हे तीन सुटे प्राकृत शब्द आहेत : मिच्छा, मि, दुक्कडं. संस्कृतात ‘मिथ्या मे दुष्कृतम्’. मिच्छा म्हणजे मिथ्या, निष्फळ. मि म्हणजे माझं. दुक्कडं म्हणजे वाईट केलेलं. माझं दुष्कृत निष्फळ होवो, एवढाच अर्थ. शेवटी म् चा पाय मोडून ‘दुक्कडम्’ लिहितात ती संस्कृतची सवय. प्राकृतात तिथे अनुस्वार असतो.

यातली ध्वनींची वाट मराठी माणसाला अनोळखी नाही. ‘नृत्य’मधल्या त्य चा च्च झाला आणि नच्चवरून आपलं ‘नाच’ आलं. तसाच थ्य चा च्छ होऊन मिथ्याचं ‘मिच्छा’ झालं. ‘कृत’मधला ऋ गेला, पण जाताना त ला ड करून गेला, म्हणून ‘कड’. मृतचं ‘मड’ झालं, त्यावरून आपलं मडं किंवा मढं आलं, तेही असंच.

तर या तीन शब्दांत ‘क्षमा’ नाही, ‘मागणं’ नाही, आणि समोरचा माणूसही नाही. आहे ते फक्त माझं दुष्कृत. मग कुठलं दुष्कृत? ते सांगणारा शब्द या वाक्याच्या आधी असायचा आणि आपण तो मध्येच कुठेतरी गाळला. तुमची अडचण, मला वाटतं, तिथेच आहे.

तुमच्या सासूबाई सामायिक नावाची ध्यानसाधना करत असतील तर त्यांच्या तोंडून इरियावहिया सूत्र ऐकलं असेल. चालताना-फिरताना जीवांना जे दुखवलं त्याचा हा कबुलीपाठ. त्यात नुसतं ‘जीवांना त्रास दिला’ असं म्हणून भागवलेलं नाही. आधी दव, मुंग्यांची बिळं, ओली माती, कोळ्याचं जाळं अशा जागा येतात. मग एकामागून एक क्रिया येतात : अभिहया, म्हणजे ज्यांना धक्का दिला. वत्तिया, ज्यांना धुळीनं झाकलं. लेसिया, ज्यांना जमिनीशी घासलं. संघाइया, ज्यांना एकमेकांवर ढकलून गोळा केलं. पुढे ‘ठाणाओ ठाणं संकामिया’, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवलं. अशा दहा क्रिया मोजून झाल्या, जीव घेतला इथपर्यंत सगळं सांगून झालं, की मग येतं : ‘तस्स मिच्छा मि दुक्कडं’. तस्स म्हणजे त्याचं, म्हणजे हे जे वर सांगितलं त्याचं. (इथलं ‘ठाण’ म्हणजे स्थान. शिलाहारांच्या श्रीस्थानकाचं ठाणे झालं ते याच वाटेनं. टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं.)

मुंगीला तिच्या जागेवरून हलवलं, याचासुद्धा वेगळा उच्चार करणारी ही परंपरा आहे. ‘मिच्छा मि दुक्कडं’ हे त्या यादीचं शेपूट. फॉरवर्ड केलेल्या चित्रात शेपूट तेवढं जातं, यादी जात नाही. तुम्हाला ते खोटं वाटतं त्याचं कारण मला हेच दिसतं.

हे मला कळलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या कच्छी आजींमुळे. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत एका उन्हाळ्यात पाण्याच्या मोटरवरून भांडण झालं होतं आणि बा माझ्या बायकोला जिन्यात चार माणसांसमोर बोलल्या होत्या. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या. आमच्याकडे गणपती होते, आरती नुकतीच आटोपली होती. हात जोडून त्या आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “त्या दिवशी जिन्यात सगळ्यांसमोर मी तुला ‘पाणीचोर’ बोलली, त्याचं मिच्छा मि दुक्कडं.” बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दर वर्षी मिठाईच्या डब्याबरोबर बा हेच तीन शब्द म्हणत आल्या होत्या, त्यानं कधी असं झालं नव्हतं. फरक ‘त्याचं’ या एका शब्दाचा. तो तस्सच होता, मराठी होऊन आलेला.

आता तुमच्या नणंदेकडे वळू. दिवाळीत नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. समजा, भाऊबीजेला त्या आल्या असताना त्यांच्या मुलाच्या मार्कांवरून तुम्ही सगळ्यांसमोर काही बोललात. आपण साधारणपणे म्हणतो ते वाक्य असं : “वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.” ज्यांच्याशी काही घडलेलंच नाही, त्या काका-मामांना हे वाक्य पुरतं. मनानं, वाचेनं, कायेनं नकळत काय झालं हे खरंच कुणाला ठाऊक नसतं. पण जिथे घडलेलं दोघींनाही पाठ आहे, तिथे ‘असेल तर’ म्हणताच दुक्कड नाहीसं होतं. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर” हे त्याहून वाईट, कारण त्यात दोष त्यांच्या वाटण्याकडे सरकतो. आणि “माझं चुकलंच, पण तुम्हीपण...” इथे ‘मि’ मोडतो. वाक्यात माझं दुष्कृत आहे, त्यांचं नाही. त्यांचं त्या बघतील.

गंमत नव्हे, खरोखर सांगतो : याला सगळ्यात जवळचं मराठी वाक्य ‘मला क्षमा करा’ हे नाहीच. ते आहे ‘माझं चुकलं’. षष्ठीतला ‘माझं’ आणि पुढे बिघडलेलं काम, हीच मि दुक्कडंची घडण. तेव्हा असं म्हणता येईल : “बेन, भाऊबीजेला सगळ्यांसमोर मी मार्कांवरून बोलले, ते माझं चुकलं. त्याचं मिच्छा मि दुक्कडं.” एवढंच. आपण असं का बोललो याचं कारण पुढे जोडू नका. ज्या भाषेत ते बोलणं झालं होतं, त्याच भाषेत म्हणा. गुजरातीत टोचलं असेल तर मराठीतली कबुली तिथपर्यंत पोचायची नाही.

वेळेचंही बघा. श्वेतांबर मूर्तिपूजकांची संवत्सरी बहुतेक भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते, म्हणजे ऐन गणपतीच्या दिवशी. स्थानकवासी आणि तेरापंथींची पंचमीला, आपल्या ऋषिपंचमीच्या दिवशी. संध्याकाळचं संवत्सरी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या दोषांची कबुली, चांगलं तीनेक तास चालतं, तेव्हा फोन लागणार नाही. प्रतिक्रमणाला बसण्याआधी मन मोकळं करून घेणं उत्तम, म्हणून सकाळीच फोन करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पारणं झाल्यावर ठाण्याहून वाशीची लोकल धरा आणि समोर जाऊन म्हणा. नणंद मोठी आहे, तेव्हा तुम्ही जाणं शोभेल.

आणि हे याच वर्षी करा. जैन विचारात रागाची तीव्रता तो किती टिकतो यावरून मोजतात, आणि त्याला रेघेचा दृष्टान्त देतात : पाण्यावरची रेघ, वाळूवरची रेघ, जमिनीला पडलेली भेग, दगडाला गेलेली चीर. परंपरेनं त्यांच्या मुदती पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि जन्मभर अशा सांगितल्या आहेत. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणं याच मापानं येतात. वर्ष उलटूनही जे राहतं ते दगडातलं, त्याला ‘अनंतानुबंधी’ म्हणतात. तुमची दिवाळी अजून वर्षाच्या आत आहे.

समजा, नणंद काहीच बोलल्या नाहीत, तर? तर तुमचं वाक्य अपुरं राहत नाही. मिच्छा मि दुक्कडं पूर्ण व्हायला समोरच्याच्या उत्तराची अट नाही. क्षमेची देवघेव दुसऱ्या गाथेत आहे : ‘खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे’. ‘खामेमि’ हे प्रयोजक रूप, गुजराती ‘खमाववुं’ त्याच घरातलं : समोरच्याला क्षमा करायला विनवणं. ‘खमंतु’ म्हणजे त्यांनी क्षमा करावी, आणि ती केव्हा करायची हे त्यांच्या हातात. “मी एवढं म्हटलं, आता तरी बोला” असा आग्रह धरला की कबुलीची वसुली होते.

वाक्य खरं होतं की नाही हे कळतं ते पुढच्या भाऊबीजेला. आवश्यक-निर्युक्ती या जुन्या जैन टीकाग्रंथात या पदाच्या एकेका अक्षराचा अर्थ लावला आहे. ती व्युत्पत्ती नव्हे, पण अर्थ सुंदर आहे : पहिला मि मृदुतेचा, छा दोषाला आवर घालण्याचा, दुसरा मि ‘मेरेत’ म्हणजे मर्यादेत राहण्याचा, दु स्वतःच्या वागण्याच्या घृणेचा, क ‘मी पाप केलं’ या कबुलीचा, आणि ड ते शांतपणे ओलांडून जाण्याचा. ही मेरा म्हणजे आपल्या शेताची मेर. तिथेच हेही म्हटलं आहे की मिच्छा मि दुक्कडं म्हणून पुन्हा तेच करणारा ‘पच्चक्खमुसावाई’, म्हणजे उघड खोटं बोलणारा. तेव्हा मुलाच्या मार्कांचा विषय पुन्हा काढायचा नाही, एवढं आधी मनाशी ठरवा आणि मगच फोन उचला.

तुम्हाला कुणी म्हटलं तर उत्तर तेच : “मिच्छा मि दुक्कडं.” ‘थँक यू’ किंवा ‘सेम टू यू’ नको, आणि ‘हॅपी संवत्सरी’ तर नकोच, ती शुभेच्छा नव्हे. “माफ केलं” असंही म्हणू नये, त्यात आपण वरच्या पायरीवर उभे राहतो. नवी मुंबईत सांगली-कोल्हापूरकडची दिगंबर कुटुंबं ओळखीची असतील, तर त्यांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं. क्षमावाणी त्यानंतर, भाद्रपद वद्य प्रतिपदेला. त्यांच्यात ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, आणि उत्तरही ‘उत्तम क्षमा’ असंच द्यावं.