बर्फ वितळताना विश्वाची एंट्रॉपी: आधी एवढंच करा

बर्फ एकदा उबदार खोलीत आणि एकदा जेमतेम 0 अंशाच्या वर सावकाश वितळला, तर विश्वाच्या, म्हणजे बर्फ आणि परिसर मिळून, एंट्रॉपीत किती बदल होतो, असं तुम्ही विचारलंय. तुमचं उत्तर दोन्ही वेळा शून्य येतंय, कारण खोलीची उष्णताही तुम्ही 273 नेच, म्हणजे बर्फाच्या केल्विन तापमानानेच, भागताय. सुरुवातीला एकच सवय लावा: बर्फ आणि खोली यांचे हिशेब वेगळे मांडा, प्रत्येकाला स्वतःचं तापमान द्या, आणि बेरीज शेवटी करा.

मुंबईतली 30 अंशांची खोली घ्या, म्हणजे 303 केल्विन. त्यात 0 अंशावरचा 100 ग्रॅम बर्फ. वितळायला ग्रॅममागे 334 ज्यूल, म्हणजे एकूण 33,400 ज्यूल लागतात.

- बर्फ: 33,400 ÷ 273 = +122.3
- खोली: −33,400 ÷ 303 = −110.2
- विश्व: +12.1 ज्यूल प्रति केल्विन

आता तोच बर्फ जेमतेम 0 अंशाच्या वर असलेल्या परिसरात अगदी सावकाश वितळू द्या. बर्फाचे +122.3 तसेच राहतात, कारण सुरुवातीची आणि शेवटची स्थिती तीच आहे. परिसराचे मात्र −122.3 होतात आणि बेरीज शून्य येते. इथेच बहुतेकांची गल्लत होते: शून्य होतो तो विश्वाच्या एंट्रॉपीतला बदल, बर्फाच्या नव्हे. फरक पडतो तो फक्त परिसराच्या तापमानामुळे.

सेल्सिअसने भागू नका. 0 ने भागायची वेळ आली की चूक लगेच कळते. विश्वाचं उत्तर ऋण आलं, तर चिन्हं तपासा.

वितळलेलं पाणी पुढे 30 अंशांपर्यंत तापतं, पण त्याला लॉगरिदम लागतो. तो हिशेब सध्या बाजूला ठेवा.