तारखेला नको, जेवणालाच नाही म्हण

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑफिसातला तो सहकारी चांगला मुलगा आहे, कामात मदत करतो, पण दर आठवड्याला "जेवायला जाऊया का?" विचारतो, आणि त्या विचारण्यात मैत्रीपेक्षा जास्त काही आहे असं तुला वाटतं. तुला वाटतंय ना, तेवढं पुरे आहे. त्याच्या मनात नेमकं काय आहे ते सिद्ध करायची जबाबदारी तुझी नाही.

आतापर्यंत तू त्याला काय उत्तरं दिलीस ते बघ. तो वाशीला म्हणाला, तू "लांब पडतं" म्हणालीस. त्याने तुझ्या घराजवळ, तलावपाळीला ये म्हटलं. तू गुरुवारचा उपास सांगितलास, त्याने शुक्रवार सुचवला. शुक्रवारी मावशी येणार होती, तर पुढच्या आठवड्याचं निघालं. तू दर वेळी अडचण सांगितलीस आणि तो दर वेळी अडचण सोडवत गेला. त्याच्या बाजूने बघितलं तर तुला यायचंय, फक्त जमत नाहीये. चिकाटी म्हणून तो विचारतच राहणार. म्हणून आता दिवसाला किंवा ठिकाणाला नाही म्हणू नकोस, दोघांनीच जेवायला जाण्याला नाही म्हण.

त्याने प्रेमाचा शब्द काढलेला नाही, तेव्हा तूही काढू नकोस. "मला तुझ्याबद्दल तसं काही वाटत नाही" म्हणालीस तर तो "मी कुठे तसं म्हणालो?" म्हणेल आणि तूच ओशाळशील. त्याने जेवण विचारलंय, जेवणाबद्दल बोल: "तू आठवणीने विचारतोस, पण ऑफिसबाहेर दोघांनीच जेवायला जाणं मला नको आहे. पुन्हा विचारू नकोस, प्लीज. तुझ्याबरोबर काम करायला मला आवडतं, ते तसंच राहू दे." एवढंच. कारण जोडू नकोस. "घरी स्थळं बघताहेत" हे तर मुळीच नको. त्याचा अर्थ, स्थळं बघत नसते तर आले असते, असा होतो. शिवाय ती बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर पोहोचते.

बोलायची जागा आणि वेळही महत्त्वाची. लिफ्टमध्ये किंवा कंपनीच्या कॅबमध्ये नको, तिथून कोणालाच बाजूला होता येत नाही. दुपारच्या चहाच्या वेळी बोल, माणसं दिसतील पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. बोलून झालं की लगेच कामाचा विषय काढ, म्हणजे त्यालाही मान वर करायला वाव मिळेल. त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं असेल तर हेच शब्द तिथे लिही, पण सकाळी ऑफिसच्या वेळेत. रात्री अकराला पाठवलेल्या नकारावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा चालते.

तो कदाचित म्हणेल, "अगं, फक्त जेवण तर आहे!" त्यावर "हो, जेवणच. तरी नको," इतकंच म्हण. वाद घालू नकोस.

पुढचे काही दिवस तो गप्प राहील, कदाचित पॅन्ट्रीत तुला टाळेल. राहू दे. त्याची भरपाई म्हणून जास्त गोड वागू नकोस, डबा पुढे करू नकोस. पहिल्यासारखं गुड मॉर्निंग म्हण, मेलला वेळेवर उत्तर दे. टीम जेवायला निघाली तर अवश्य जा, फक्त आपला वाटा तिथल्या तिथे यूपीआयने दे आणि शेवटी दोघंच उरायच्या आत निघ. ऐरोली स्टेशनपर्यंत बाईकवर सोडतो म्हणाला तर शेअर रिक्षा धर. ही गोष्ट टपरीवर मैत्रिणींनाही सांगू नकोस. त्याची लाज राखलीस तर त्याला तुझ्याशी नीट वागणं सोपं जाईल.

स्पष्ट नकारानंतर चांगला माणूस थांबतो. पण त्याने पुन्हा विचारलं, तुझ्या फाइली अडवल्या, मीटिंगमध्ये टोमणे मारले किंवा स्टेशनपर्यंत मागे आला, तर तारखेसह लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे, अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत द्यायची असते. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून. एवढ्याने तक्रार करच, असं मी म्हणत नाही. पण समितीत कोण आहे ते आत्ताच नोटीस बोर्डावर बघून ठेव. आणि तुझं अप्रेझल त्याच्या हातात असेल, तर पुन्हा विचारण्याची वाटही बघू नकोस. नकार दिल्यावर त्याच दिवशी तारीख आणि झालेलं बोलणं लिहून ठेव.

या शुक्रवारी त्याने सीवूड्सचं म्हटलंय ना? मग गुरुवारच्या चहालाच बोलून घे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ताणलंस तर तुझ्या तोंडून पुन्हा मावशीच निघेल.

तुझी,
ताई