वाररेषा ओलांडताना मधली तारीख जाते कुठे?

प्रश्न: जुलैमध्ये लॉस एंजेलिसहून ऑकलंडला जायचंय. तिकिटावर निघायची वेळ १४ तारखेला रात्री १० आणि पोहोचायची १६ तारखेला सकाळी ६ अशी आहे, पण प्रवास मात्र १३ तासांचाच दाखवतंय. मग १५ तारीख गेली कुठे? विमान वाररेषा ओलांडतं तेव्हा नक्की काय होतं? आणि हॉटेल १५ पासून घेऊ की १६ पासून?

उत्तर:

हॉटेल १६ पासून घ्या. तिकीट बरोबर आहे आणि प्रवासही खरंच १३ तासांचा आहे. मी विमान तिकिटांच्या कामात आहे, आणि पॅसिफिकवरून जाणाऱ्या प्रवाशांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो.

आधी हिशोब करू, म्हणजे शंका राहणार नाही. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या स्थानिक वेळा असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करायची नसते. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे साधारण ग्रीनिचच्या वेळेत आणायच्या. जुलैमध्ये लॉस एंजेलिस यूटीसीच्या ७ तास मागे असतं. तिथले १४ तारखेचे रात्रीचे १० म्हणजे यूटीसीप्रमाणे १५ तारखेचे पहाटेचे ५. ऑकलंड तेव्हा १२ तास पुढे असतं. तिथले १६ तारखेचे सकाळचे ६ म्हणजे यूटीसीप्रमाणे १५ तारखेचे संध्याकाळचे ६. पहाटे ५ ते संध्याकाळी ६, झाले १३ तास.

आता गंमत बघा. तुम्हाला जी १५ तारीख हरवल्यासारखी वाटते, यूटीसीच्या हिशोबात तुमचा अख्खा प्रवास त्याच तारखेत होतो. वैमानिकांची उड्डाण योजना, हवामानाचे अहवाल, हवाई नियंत्रण, सगळं यूटीसीवर चालतं. त्यामुळे कॉकपिटच्या दृष्टीने त्या रात्री तारखेचं काहीही होत नाही. रेषा आली म्हणून कोणी घड्याळ फिरवत नाही आणि नोंदीत तारीखही बदलत नाही.

खाली समुद्रावर मात्र तारीख बदललेली असते, आणि तुमच्या १५ तारखेचं काय झालं हे तिथे दिसतं. विमान नैर्ऋत्येला चाललेलं असतं. पश्चिमेकडे दर १५ रेखांशांमागे स्थानिक वेळ एक तासाने मागे जाते. त्यामुळे उड्डाणानंतर साधारण चार तासांनी विमानाखालच्या भागात मध्यरात्र होते आणि १५ तारीख सुरू होते. त्यानंतर सुमारे सात तास तुम्ही १५ तारखेत असता, पण विमान पश्चिमेला सरकत असल्याने तेवढ्यात खालचं स्थानिक घड्याळ पाचच तास पुढे जातं. उतरायला साधारण दोन तास उरलेले असताना खाली पहाटेचे ५ वाजलेले असतात. तिथे वाररेषा येते आणि १५ तारखेचे पहाटेचे ५ हे १६ तारखेचे पहाटेचे ५ होतात. घड्याळाचे काटे जागचे हलत नाहीत, फक्त तारीख एकाने पुढे जाते. नेमका मार्ग आणि वारा यांवर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहील. म्हणजे १५ तारीख तुम्हाला मिळाली, फक्त ती मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचीच मिळाली, आणि बहुधा तुम्ही ती झोपून काढली.

हे मुद्दाम एवढं खोलात सांगतोय, कारण एका गोष्टीत बरेच जण गोंधळतात. तारीख दोन प्रकारे बदलते. एक मध्यरात्र, जी पृथ्वीभर फिरत असते, आणि दुसरी वाररेषा, जी जागेवर असते. तुमच्या प्रवासात या दोन्ही ओलांडल्या जातात आणि दोन्ही वेळा तारीख पुढेच जाते, म्हणून १४ वरून थेट १६. पूर्वेकडे जाताना वाररेषा तारीख एकाने मागे नेते आणि मध्यरात्र मात्र पुढेच नेते, त्यामुळे बरेचदा दोन्हींचं उट्टं निघतं. तुमचा परतीचा प्रवास घ्या. समजा ऑकलंडहून ३० तारखेला रात्री ८ ला निघालात आणि विमानाला १२ तास लागले, तर लॉस एंजेलिसला ३० तारखेलाच दुपारी १ वाजता उतराल. निघण्याच्या सात तास आधी पोहोचल्यासारखं दिसतं, पण खिशातला एक तासही वाचलेला नसतो.

निव्वळ वाररेषेचा परिणाम बघायचा असेल तर सामोआकडे बघा. सामोआची राजधानी अपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात अंतर आहे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाररेषा या दोघांच्या मधून जाते. सामोआ यूटीसीच्या १३ तास पुढे, अमेरिकन सामोआ ११ तास मागे, फरक बरोबर २४ तासांचा. म्हणून दोन्हीकडे घड्याळात तेच वाजलेले असतात, वार मात्र वेगळा. समजा शनिवारी सकाळी १० ला तुम्ही अपियाच्या बाजूने छोट्या विमानात बसलात आणि चाळीस मिनिटांनी पागो पागोला उतरलात. तिथे शुक्रवारचे १० वाजून ४० मिनिटं झालेली असतील. शुक्रवारची दुपार तिथे काढून संध्याकाळी ५ ला परत निघालात तर ५ वाजून ४० मिनिटांनी अपियात शनिवार. घरच्यांच्या दृष्टीने तुम्ही शनिवारी सकाळी गेलात आणि शनिवारी संध्याकाळी आलात. मधला शुक्रवार तुमचा तुम्हालाच माहीत.

हे नेहमीच असं नव्हतं. २०११ पर्यंत सामोआही रेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होतं. पण त्यांचा व्यापार मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी. इकडे शुक्रवार असला की तिकडे शनिवारची सुट्टी, आणि तिकडे सोमवारी कामं सुरू झाली की इकडे रविवार. आठवड्याचे दोन दिवस असे फुकट जायचे. म्हणून त्यांनी बाजू बदलली. २०११ साली गुरुवार २९ डिसेंबर संपला आणि थेट शनिवार ३१ डिसेंबर उजाडला. त्या वर्षी सामोआत ३० डिसेंबर झालाच नाही.

देशांना असं परस्पर करता येतं, कारण ही रेषा कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराने आखलेली नाही. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरलं, वाररेषा कुठून न्यायची हे ठरलं नाही. जो तो देश आपली प्रमाणवेळ ठरवतो आणि नकाशावरची रेषा त्याप्रमाणे वळसे घेते. म्हणूनच ती १८० अंशांवर सरळ धावत नाही. तुमच्या मार्गावरही ती न्यूझीलंडच्या बेटांना वळसा घालून बरीच पूर्वेला आलेली आहे.

अशी रेषा मुळात लागतेच कशाला, तर पश्चिमेकडे जात राहिलं की तासातासाने घड्याळ मागे करावं लागतं आणि पूर्ण फेरीत ही उधारी २४ तासांची होते. ती कुठेतरी एकदम फेडावी लागते. मॅगेलनच्या मोहिमेतलं व्हिक्टोरिया जहाज १५२२ च्या जुलैत केप व्हर्दे बेटांवर पोहोचलं तेव्हा जहाजाच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता, आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. नोंद ठेवणाऱ्याने एकही दिवस चुकवलेला नव्हता. वाटेत दिवस पुढे करायची सोयच तेव्हा नव्हती.

विमानात तो दिवस कोणी मोजत नाही, पण कागदोपत्री त्याची किंमत मोजावी लागते. सर्वांत जास्त घोळ हॉटेलचा होतो. तुमच्यासारखा प्रवासी '१४ ला रात्री निघालो म्हणजे १५ ला पोहोचणार' असं धरून १५ पासून खोली घेतो. १५ ला कोणी आलं नाही की बरीच हॉटेलं प्रवासी न आल्याची नोंद करतात आणि पुढच्या रात्रीही रद्द करून टाकतात. १६ ला सकाळी तुम्ही काउंटरवर उभे, आणि तुमच्या नावावर खोली नाही. परतताना उलटं होतं. ३० ला निघालो म्हणून लोक ३१ पासून खोली घेतात आणि ३० च्या दुपारीच सामानासकट रस्त्यावर उभे राहतात. म्हणून तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात छापलेलं +१ किंवा +२ आधी शोधा. तुमच्या तिकिटावर +२ असेल. काही पूर्वेकडच्या उड्डाणांवर चक्क -१ असतं.

हा उणे एक कसा येतो त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. हवाईयन एअरलाइन्सचं ऑकलंड-होनोलुलू विमान ३१ डिसेंबर २०१७ ला रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी सुटायचं होतं. दहा मिनिटं उशीर झाला आणि ते १ जानेवारी २०१८ ला १२ वाजून ५ मिनिटांनी उडालं. होनोलुलू त्या वेळी ऑकलंडच्या २३ तास मागे होतं. नऊ तासांहून थोडा जास्त प्रवास करून विमान ३१ डिसेंबर २०१७ च्या सकाळी सव्वादहाच्या सुमाराला उतरलं. २०१८ मध्ये उडून २०१७ मध्ये उतरलं म्हणून बातम्या झाल्या, पण वर केला तोच हिशोब तिथेही जुळतो.

पुढचं विमान एकाच तिकिटावर असेल तर तारखेची काळजी करू नका, बुकिंगची यंत्रणा ती बरोबर जुळवते. ऑकलंडहून पुढचं तिकीट वेगळं काढणार असाल तर ते १६ तारखेचंच हवं, आणि मध्ये वेळ ठेवून.

रोज ठरावीक वेळेला औषध घेत असाल तर तारीख बघून घेऊ नका, मागच्या गोळीपासून किती तास झाले ते मोजा. १४ ला रात्री ८ ला घेतलेली २४ तासांची गोळी पुन्हा घ्यायची वेळ ऑकलंडला १६ तारखेला दुपारी ३ ला येते. तिथून ती हळूहळू सोयीच्या वेळेवर कशी आणायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण सगळ्या औषधांना सारखा नियम चालत नाही.