खाज थांबली म्हणजे रिअ‍ॅक्शन थांबली असं नाही

प्रश्न: गांधीलमाशी चावते एका जागी, मग अंगभर पित्त, दम आणि चक्कर हे सगळं एकदम का होतं? आधी टेस्ट करून कळतं का?

मी कॅज्युअल्टीत एकोणीस वर्षं नर्स आहे, पण हे लिहितेय ते माझ्या धाकट्या भावामुळे.

मे महिन्यात सुट्टीवर गावी होते. काजूच्या बागेत त्याच्या मानेला गांधीलमाशी चावली. आदल्या वर्षीही चावली होती, तेव्हा फक्त हात सुजला होता. या वेळी पाचेक मिनिटांत तो तळहात एकमेकांवर घासायला लागला, मग पोटावर गांध्या उठल्या. काकूनं आमसुलं भिजत घातली. मी मात्र त्याचा आवाज ऐकत होते. तो घोगरा झाला होता.

आदल्या वर्षीच्या त्या डंखानंतर त्याच्या शरीरानं विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवली होती. ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात. या पेशी रक्तात फिरत नाहीत. त्वचेत, श्वासनलिकांत, आतड्यांत, हृदयात बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेनं त्या ठाण मांडून असतात. विष रक्तातून पोचलं की एक कण शेजारच्या दोन आयजीईंना जोडतो आणि पेशी आपला रसायनांचा साठा ओतून टाकते. हिस्टामिन आणि ट्रिप्टेज तयारच असतात, काही मिनिटांत ल्युकोट्राइन्स, प्रोस्टाग्लँडिन आणि पीएएफ ही रसायनं नवीन बनतात. सगळीकडे माल साधारण तोच असतो, फरक पडतो तो पोचतो तिथे काय आहे यानं. त्वचेत बारीक वाहिन्या पाझरतात आणि मज्जातंतू चाळवतात, म्हणून गांधी आणि खाज. श्वासनलिकेभोवती स्नायू आहे, तो आवळतो, आतलं अस्तर सुजतं. तिथे ल्युकोट्राइन्स हिस्टामिनपेक्षा कितीतरी पट जोरकस असतात. रक्ताभिसरणात तर दोन्हीकडून मार बसतो. वाहिन्या सैलावतात आणि गळतातही. गंभीर रिअ‍ॅक्शनमध्ये दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतला एक तृतीयांश द्रव बाहेरच्या ऊतींत जाऊ शकतो. रक्त सांडलेलं कुठे दिसत नाही, पण हृदयाकडे परत यायला पुरेसं उरत नाही.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून अ‍ॅव्हिल हे अ‍ॅलर्जीचं औषध आणि डेक्सोना हे स्टेरॉइड दिलं. थोड्या वेळानं खाज कमी झाली आणि सगळे निर्धास्त झाले. मी अ‍ॅड्रिनॅलिन द्या म्हटलं, तर "हृदयावर ताण येईल" असं उत्तर आलं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, संडासला लागलीय," आणि उठून उभा राहिला. दुसऱ्या पावलाला कोसळला. मनगटाला नाडी लागेना. उभं राहिल्यावर उरलंसुरलं रक्त पायांत उतरलं आणि हृदय रिकामं पडलं. आतड्यातल्या मास्ट पेशींनी त्याला उठवलं होतं, हे मला नंतर सुचलं.

मग डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अर्धा मिली अ‍ॅड्रिनॅलिन दिलं. आम्ही त्याला आडवं ठेवून पाय उशीवर घेतले, सलाइन वेगानं सोडलं. पाच मिनिटांनी दुसरा डोस. त्यानंतर त्यानं पाणी मागितलं.

आमचा थोरला चुलतभाऊ आजही सांगत असतो की अ‍ॅव्हिलनं वाचला. दादा, नाही वाचला. अ‍ॅव्हिल हिस्टामिनचा एकच दरवाजा अडवतं. त्यामुळे खाज गेली, पण ल्युकोट्राइन्स आणि पीएएफ आपलं काम करतच राहिले. डेक्सोनाला परिणाम दाखवायला काही तास लागतात. अ‍ॅड्रिनॅलिन मात्र वाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका सैल करतं आणि वर मास्ट पेशींना आणखी ओतण्यापासून रोखतं. एकाच वेळी बिघडलेल्या तिन्ही जागांवर चालणारं औषध तेच आहे. ज्या घाबरण्यामुळे ते उशिरा दिलं गेलं, तेच त्याच्या जिवावर उठलं होतं.

अर्थात नुसतं पित्त उठलं असेल, श्वास आणि बीपी ठीक असेल, तर गोळी पुरते, प्रत्येक गांधीला सुई नको. उलट काहींना पित्त उठतच नाही, थेट बीपी पडतं, तेव्हा त्वचा बघत बसू नका. बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांत अ‍ॅड्रिनॅलिनचा असर कमी पडू शकतो, हे डॉक्टरांना आधी सांगा. आणि मी सांगितलेला डोस मोठ्या माणसाचा आणि स्नायूतला आहे. लहान मुलांत वजनावर ठरतो.

टेस्टचं म्हणाल, तर एकदा रिअ‍ॅक्शन येऊन गेली असेल तर त्वचेची चाचणी चार-सहा आठवड्यांनी करतात, कारण लगेच केली तर पेशी रिकाम्या असतात आणि निकाल फसवू शकतो. भावाची केली, विषाला पॉझिटिव्ह आली. आता त्याच्या दुचाकीच्या डिकीत पाण्याची बाटली असते आणि खिशात अ‍ॅड्रिनॅलिन असतं. डिकीत ते ठेवू देत नाही मी, उन्हानं खराब होतं.