नकार तेवढाच ठेव, चुका तेवढ्या काढ

“ताई, बी.कॉम. करून एका पतसंस्थेत ऑफिस असिस्टंट म्हणून लागलोय, दोन महिने झाले. साहेबांनी प्रिंटर मेंटेनन्सवाल्याला नकाराचा मेल लिहिला आणि म्हणाले, चुका काढ, बाकी हात लावू नको. मेल असा: ‘आपला 12 जूनचे कोटेशन मिळाले. कमिटी समोर ठेवले असता आपले दर आमच्या बजेटपेक्षा जास्त असल्याने यावर्षी काम आम्ही आपल्याला देऊ शकत नाही. दर कमी करुन पाठवले तरी सद्या विचार होणार नाही. परंतू पुढील वर्षी कोटेशन मागवताना आपल्याला कळवण्यात येईल. आम्ही आपला आभारी आहे.’ मी सुधारून दिला तर म्हणाले, हे मी लिहिलंच नाही. परत केला तर म्हणाले, भांडण लावशील. सोबत दोन्ही पाठवतोय. मला पुढे परचेसमध्ये जायचंय, जमेल का?”

दोन्ही मेल वाचले. शुद्धलेखन तुला येतं, त्याची काळजी नको. घोळ दुसरीकडे आहे.

पहिल्या वेळी तू ‘देऊ शकत नाही’चं ‘तूर्त देणे शक्य होईलसे वाटत नाही’ केलंस आणि दर कमी करण्याचं वाक्य उडवलंस, का तर ते कडक वाटलं. आता व्हेंडरच्या खुर्चीत बस. ‘तूर्त’ वाचलं की तो समजणार थोडं थांबायचंय, ‘वाटत नाही’ वाचलं की समजणार अजून पक्कं झालेलं नाही, आणि दर कमी करून चालणार नाही हे कुठेच लिहिलेलं नाही म्हटल्यावर तो आठ दिवसांत नवं कोटेशन घेऊन दारात हजर, आणि तेव्हा त्याला तोंडावर नाही म्हणायचं काम साहेबांच्याच गळ्यात. मी नोकरीत नवी असताना डिट्टो हेच केलं होतं, एका पॅकिंगवाल्याला ‘दिलगीर आहोत, पण बघू’ लिहून बसले, तो तीन महिने रोज फोन करायचा.

दुसऱ्या वेळी लंबक उलटा गेला. ‘बजेटपेक्षा जास्त’चं ‘अवाजवी’ झालं. बजेट ही आपली अडचण, ‘अवाजवी’ हा त्याच्यावर आरोप. शिवाय पुढच्या वर्षीचं वाक्य कापलंस, म्हणजे साहेबांनी उघडं ठेवलेलं दार तू लावून टाकलंस.

खऱ्या चुका एवढ्याच होत्या. ‘आपला कोटेशन’चं ‘आपले’. ‘कमिटीसमोर’ जोडून, ‘या वर्षी’ तोडून. ‘करून’मधला रू दीर्घ, ‘परंतु’मधला तु ऱ्हस्व, ‘सध्या’ला ध्या. ‘आम्ही आपला आभारी आहे’चं ‘आम्ही आपले आभारी आहोत’. आणि एक वाक्यरचनेची, ‘ठेवले असता’ म्हटलं की कमिटीने काय ठरवलं ते पुढे यायला हवं, इथे ते येतच नाही, म्हणून तिथे वाक्य तोडायचं. झालं असं:

“आपले 12 जूनचे कोटेशन मिळाले. ते कमिटीसमोर ठेवले. आपले दर आमच्या बजेटपेक्षा जास्त असल्याने या वर्षी काम आम्ही आपल्याला देऊ शकत नाही. दर कमी करून पाठवले तरी सध्या विचार होणार नाही. परंतु पुढील वर्षी कोटेशन मागवताना आपल्याला कळवण्यात येईल. आम्ही आपले आभारी आहोत.”

‘कळवण्यात येईल’ हे सरकारी वाटतं, मलाही आवडत नाही, पण ती चूक नाही. तिथे ‘नक्की कळवू’ केलंस तर साहेबांनी न दिलेला शब्द तू दिलास. ‘आभारी’च्या आधी ‘मनःपूर्वक’ही नको, नकाराच्या मेलमध्ये ते उगाच गोड लागतं.

तपासायचं कसं, तर जुना आणि नवा मेल शेजारी ठेव आणि व्हेंडर जे विचारेल तेच दोघांना विचार: काम मिळालं का, किती काळासाठी नाही, कशामुळे नाही, दर उतरवले तर काय, पुढे काही चान्स आहे का. पाचही उत्तरं दोन्हीकडे तीच आली पाहिजेत. एकही हललं की तू सुधारलं नाहीस, बदललंस. तुझ्या पहिल्या मेलमध्ये तीन उत्तरं हलली होती, दुसऱ्यात दोन.

आता परचेसचं. तिथे दिवसभर हेच असतं, दहा कोटेशनं येतात, एकाला ऑर्डर जाते, बाकी नऊ जणांना नाही कळवायचं आणि त्यातल्याच कुणाकडे पुढच्या वेळी परत जायचं असतं. दुसऱ्याचं ‘नाही’ तेवढ्याच वजनाने पुढे पोचवता आलं तर जमेल, आणि ते सवयीने येतं, तुला दोनच महिने झालेत.

एक जागा मात्र मलाही खटकली. आधी ‘या वर्षी’ आहे आणि नंतर ‘सध्या’. ‘सध्या’चा अर्थ व्हेंडर दिवाळीपर्यंत असाही घेऊ शकतो. पण हा आशय झाला, शुद्धलेखन नाही, म्हणून मेलमध्ये हात लावायचा नाही. सुधारलेला मेल साहेबांना देताना वेगळी एक ओळ लिही: “साहेब, चौथ्या वाक्यातलं ‘सध्या’ म्हणजे हे पूर्ण वर्ष धरायचं का? तसं असेल तर तिथेही ‘या वर्षी’ करतो.” ते हो म्हणाले तरच बदल.