पोडियम, कमान आणि बॉल ठेवूनही फोटो खेळण्यासारखा का दिसतो?

प्रश्न: "आमच्या नवीन सीरमच्या लाँचसाठी वेबसाइटचा हिरो फोटो काढतोय. गोल पोडियम, मागे कमान, बाजूला बॉल, सगळं ठेवलं. तरी प्रीमियम वाटत नाही, लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखं दिसतं. काय चुकतंय?"

बहुतेक वेळा चूक मांडणीत नसते. पोडियमचं माप, त्याची कड आणि लाइट या तीन ठिकाणी ती सापडते. मी स्किनकेअरच्या बाटल्यांचे फोटो काढतो, त्यातलंच एक काम सांगतो.

बाटली 50 मिलीची, तपकिरी काचेची, ड्रॉपरसकट साधारण 11 सेंमी उंच आणि जेमतेम 4 सेंमी रुंद. पहिला पोडियम मी 20 सेंमी व्यासाचा, 10 सेंमी उंच करून घेतला होता. त्यावर बाटली फुकट वाटायच्या सँपलसारखी दिसायला लागली. मग 9 सेंमी व्यासाचा, 3 सेंमी उंचीचा करवून घेतला. बाटलीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट एवढा व्यास पुरतो, आणि उंची बाटलीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पोडियम मोठा झाला की नजर त्याच्यावरच जाते.

आता कड. एमडीएफ कापून आणलं की त्याची कड धारदार असते. अशी कड लाइट पकडतच नाही, त्यामुळे वरचा भाग आणि बाजू कागदाच्या तुकड्यांसारखे एकमेकांना चिकटवल्यासारखे दिसतात. पॉलिश पेपरने ती कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर गोल करा. फोटोत तिथे एक बारीक उजळ रेघ उमटते आणि वस्तू एकदम भरीव वाटायला लागते. एमडीएफची कापलेली बाजू रंग पिऊन खरखरीत होते, म्हणून आधी पुट्टी भरा, घासा, प्रायमर द्या, पुन्हा घासा, आणि मगच मॅट इमल्शन स्पंजच्या रोलरने लावा. चकचकीत रंग नको, त्यात अख्खा स्टुडिओ दिसतो. बॉल थर्माकोलचा असेल तर जवळून त्याचे दाणे दिसतात, आणि साध्या स्प्रे-पेंटने तो विरघळतोही. लाकडी बॉल घ्या. पोडियम, कमान, बॉल आणि मागची भिंत मी एकाच डब्यातल्या रंगाने रंगवली. छटा लाइटने पडू द्याव्यात. चार रंग आले की ठोकळे दिसणारच.

सगळ्यात जास्त वेळ लाइटवर घालवा. तुम्ही बहुधा समोरून मोठा सॉफ्टबॉक्स लावला असेल. त्याने सावल्या पुसल्या जातात, आणि सावलीच नसेल तर कमान आणि बॉल तिथे असून नसल्यासारखे. मी एकच लाइट, सॉफ्टबॉक्स न लावता, मागच्या डाव्या बाजूने दोन मीटरवर उंच ठेवला. बाटलीची लांब, स्पष्ट सावली उजवीकडे पडली. डावीकडची जागा मजकुरासाठी मोकळी हवी होती, म्हणून लाइटची बाजू आधी ठरवली आणि बाकीची मांडणी नंतर केली.

अडचण एकच. उघडा लाइट काचेवर टाचणीसारखा ठिपका पाडतो. त्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर न हलवता दोन फोटो घ्या. एक उघड्या लाइटमध्ये, त्यातून सेट आणि सावल्या घ्यायच्या. दुसरा बाटलीशेजारी ट्रेसिंग पेपरची मोठी चौकट उभी करून त्यातून लाइट सोडून, त्यातून फक्त बाटली घ्यायची. फोटोशॉपमध्ये मास्क करून दोन्ही जोडा. बाटली आणि पोडियम जिथे टेकतात तिथली काळी रेघ मात्र पहिल्या फोटोतलीच राहू द्या. ती गेली की बाटली हवेत तरंगते, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

तपकिरी काचेतलं द्रव समोरून काळंच दिसतं. बाटलीच्या आकारापेक्षा थोडं लहान पांढरं कार्ड कापून तिच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, किंचित तिरकं चिकटवा. लाइट त्यावर आपटून काचेतून पुढे येतो आणि द्रव मधासारखं उजळतं. आमच्या क्लायंटने अख्ख्या फोटोत आधी तेच बघितलं.

कॅमेरा दीड मीटरवर, 100 मिमी लेन्स, बाटलीच्या मानेच्या उंचीवर अगदी सरळ, एफ 11. खाली वाकवला तर उभ्या रेषा तिरक्या होतात. या अंतरावर आडवी फ्रेम 50 सेंमीच्या आसपास मिळते, पण मोबाइलसाठी त्यातला जेमतेम 18 सेंमीचा उभा पट्टा उरतो. म्हणून कमान 14 सेंमीच रुंद ठेवली, पोडियमच्या मागे 25 सेंमीवर. लाइट लावण्याआधी मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवून तेवढाच भाग बघून घेतो. पट्ट्यात बाटली, पोडियम आणि कमानीची एक तरी पूर्ण बाजू बसली नाही, तर सेट तेव्हाच हलवायचा.